दिव्याचा तक्ता

एक कोरा कागद समोर घ्या आणि सावकाश एका दिव्याचा विचार करा. कोणता दिवा, ते इतक्यात ठरवू नका. एवढंच विचारा, की दिव्याला दिवा म्हणून काय काय लागतं? ऊर्जा लागते. उजेड देणारी वस्तू लागते. ठेवायला जागा लागते. सुरू करायची काही रीत लागते. हे चार मथळे कागदावर लिहा. ‘स्वस्त’ किंवा ‘सुंदर’ असे मथळे मनात येतील, ते बाजूला ठेवा. ते निवडीनंतर कळतं, आधी निवडता येत नाही.

आता एकेका मथळ्याखाली थांबा. ऊर्जा: विजेची तार, बॅटरी, सौर पॅनल, हाताने फिरवायची मूठ. इथे मन म्हणतं, झालं. तरी आणखी थोडं थांबा. उंचावरून हळूहळू खाली येणारं वजन. लिहा तेही. उजेडासाठी एलईडी आणि फिलामेंटचा बल्ब. जागा: टेबल, भिंत, छत, डोकं. सुरू करायला बटण, दोरी, हाताचा स्पर्श. पाच, दोन, चार, तीन, गुणाकार १२०: इतके वेगवेगळे दिवे.

स्विस खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी जेट इंजिनांसाठी असेच तक्ते मांडले, तेव्हा जुळण्या हजारोंच्या घरात गेल्या. त्या एकेक करून तपासत बसणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. म्हणून पूर्ण दिवे तपासू नका, दोन-दोन पर्याय समोरासमोर ठेवा. वजन आणि डोकं: डोक्यावरच्या दिव्याचं वजन खाली उतरणार कुठे? ही एक जोडी खोडली की सहा दिवे एकदम गेले. खोडताना स्वतःला विचारा, हे खरंच अशक्य आहे, की फक्त विचित्र वाटतंय? विचित्र असेल तर राहू द्या. आपण त्याच्याचसाठी बसलो आहोत.

वजन आणि फिलामेंट. इथे हिशेब करा. बारा किलोची पिशवी १.८ मीटर खाली आली, तर सुमारे २१० ज्यूल ऊर्जा मिळते. ती २५ मिनिटांवर पसरली की एका वॅटचा सातवा हिस्सा उरतो, गिअर आणि जनित्रातली गळती वेगळीच. फिलामेंटचा घरगुती बल्ब यावर लागणार नाही. एलईडी मंद का होईना, लागतो. लंडनच्या दोन डिझायनरांनी २०१२ मध्ये लोकांसमोर आणलेला ‘ग्रॅव्हिटीलाइट’ वजन आणि एलईडी याच जोडीचा आहे.

आता वजन, एलईडी आणि छत यांवर बोट ठेवा आणि शेवटच्या रकान्याकडे या. बटण, दोरी की स्पर्श? जरा थांबून पाहा. पिशवी वर उचलली की दिवा लागलाच. म्हणजे या दिव्यापुरता चौथा रकाना पहिल्यातच विरला. तो स्वतंत्र नव्हताच. तक्ता इथे चुकलेला दिसतो, तसा तो दिसू द्या. ‘सुरू करायची रीत’ खोडून त्या जागी ‘एका खेपेला किती वेळ उजेड हवा’ असं लिहा, आणि पुन्हा पहिल्या जोडीपासून बघायला लागा.