क्लेमची वही

मे महिन्यात झाशीत पारा पंचेचाळिशीला टेकला, वीज जाऊ लागली, की आमच्या दुकानात एकच वाक्य कानावर पडते, “भाईसाहब, पंखा आधा घंटा भी नहीं चलता.” इन्व्हर्टरची बॅटरी वॉरंटीत असेल तर ग्राहक ती बदलून मागणारच. पण तिची किंमत शेवटी कोणी सोसायची, हे तक्रारीच्या दिवशी आपण काय लिहून ठेवतो त्यावर ठरते.

गेल्या उन्हाळ्यातले एक उदाहरण सांगतो. 14 महिन्यांपूर्वी विकलेली 150 एएचची बॅटरी. दुकानातला मुलगा ग्राहकाच्या घरी गेला आणि त्याने आधी इन्व्हर्टरचे चार्जिंग व्होल्टेज पाहिले, ते 14च्या आसपास होते. पाण्याची पातळी ठीक होती. बॅटरीवरचा सीरियल नंबर बिलाशी आणि कार्डाशी जुळला. घर अंधारात राहू नये म्हणून त्याने दुसरी बॅटरी जोडून दिली आणि तक्रारीची बॅटरी दुकानात आणली. ती पूर्ण चार्ज करून हायड्रोमीटर लावला, तेव्हा पाच सेल 1240च्या आसपास आणि सहावा 1120. एकच सेल असा बसला, तर दोष बहुधा आतला असतो. सहाही सेल सारखेच खाली असते तर चार्जिंग अपुरे पडल्याचा संशय आला असता आणि कंपनीने क्लेम फेटाळला असता. हे सहा आकडे तारखेसह वहीत गेले.

आम्ही स्वतःच्या स्टॉकमधून नवी बॅटरी दिली. तिला मात्र नवी वॉरंटी नव्हती, मूळ वॉरंटीतली उरलेली मुदतच लागू होती. ते ग्राहकाला तिथेच सांगितले आणि जुन्या कार्डावर नवा नंबर लिहून दिला. हे बोलणे राहून गेले, की पुढे भांडण ठरलेले.

यानंतर खरी वसुली सुरू होते. जुनी बॅटरी आता आमचा पुरावा असते, तिला भंगारवाल्याचा हात लागू द्यायचा नाही. क्लेम फॉर्मसोबत ती चलनावर वितरकाकडे जाते आणि पोच आमच्याकडे राहते. भरपाई दोन तऱ्हांनी येते. बदली बॅटरी फुकट आली, तर 26 जून 2024च्या परिपत्रकानुसार तिच्यावर जीएसटी लागत नाही आणि कंपनीला घेतलेले इनपुट क्रेडिटही परत करावे लागत नाही. कर वजा करून क्रेडिट नोट आली, तर मात्र तेवढे क्रेडिट आम्हाला उलटवावे लागते. म्हणून वहीच्या शेवटच्या रकान्यात नुसते ‘मिळाले’ लिहून भागत नाही, काय मिळाले तेही लिहावे लागते.

अडते ते बहुधा तारखेवर. विक्रीची नोंद कंपनीकडे गेली नसेल, तर मुदत माल पाठवल्याच्या दिवसापासून मोजली जाऊ शकते. मग चार महिने दुकानात पडून राहिलेल्या बॅटरीचे चार महिने आमच्या खिशातून जातात. त्यामुळे विकतानाच बिलावर सीरियल नंबर घालायचा, नोंदणी त्याच दिवशी करायची. ग्राहकाचा क्लेम बॅटरी बदलली की मिटतो, दुकानाचा मात्र शेवटचा रकाना भरेपर्यंत उघडाच राहतो.