काचेपलीकडचा कोतवाल

शेतातल्या तारेवर किंवा चरणाऱ्या गुराच्या पाठीवर बसलेला काळा कोतवाल ओळखण्यास फारसा अभ्यास लागत नाही. परंतु तोच पक्षी घराच्या बंद खिडकीतून टिपला आणि ते छायाचित्र एखाद्या जाणकाराच्या हाती दिले, तर हा राखी कोतवाल तर नव्हे, असा प्रश्न त्यालाही प्रामाणिकपणे पडू शकतो. राखी कोतवाल हिवाळ्यात आपल्या झाडीच्या प्रदेशांत येतो. त्याचा वर्ण पाटीसारखा करडा आणि डोळा ठळक तांबडा असतो. काळ्या कोतवालाचा देह चकचकीत काळा असून चोचीच्या मुळाशी, तोंडाच्या कोपऱ्यावर, बहुधा एक लहानसा पांढरा ठिपका असतो. दोघांचीही शेपटी लांब व दुभंगलेली असल्यामुळे दूरच्या चित्रात निवाड्याचा सारा भार रंगावरच येऊन पडतो, आणि मध्ये काच आली की सर्वांत आधी बदलतो तो रंगच.

याचे कारण समजून घ्यावयाचे, तर काच प्रकाश अडवते एवढेच ध्यानात ठेवून भागत नाही. ती प्रकाशाची भरही घालते. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून, आपण तिच्यासमोर सरळ उभे असलो तरी, सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो, म्हणजे दोन्ही पृष्ठभागांचा हिशेब केला तर सुमारे ८ टक्के. खोलीत बसून बाहेरचे चित्र घेताना हा परतलेला प्रकाश खोलीतलाच असतो: पांढऱ्या सदऱ्याचा, दिव्याचा, किंवा समोरच्या भिंतीतल्या दुसऱ्या खिडकीतून दिसणाऱ्या आकाशाचा. समजा, हे प्रतिबिंबित आकाश बाहेर ठेवलेल्या पांढऱ्या कागदाइतके, म्हणजे १०० एकक, उजळ आहे. तर काच पक्ष्याच्या संपूर्ण चित्रावर ८ एककांचा निळसर पडदा पसरते. बाहेरच्या बगळ्याचे पांढरे पीस ८० एकक उजळ असेल, तर काचेपलीकडून त्यातले सुमारे ७४ आपल्यापर्यंत येतात, त्यांत ८ मिळून बेरीज ८२ होते, म्हणजे बगळा होता तसाच राहतो. कोतवालाच्या काळ्या पिसाची उजळी मात्र ४ एकक धरली, तर ती ४ वरून जवळजवळ १२ होते. पांढऱ्याला ज्याची दखलही घ्यावी लागत नाही, त्याच पडद्याने काळे तिप्पट उजळून निळसर करडे होते. शिवाय काचेकडे तिरकस पाहिले, तर ६० अंशांच्या कलात परावर्तन ८ ऐवजी १६ टक्क्यांच्या आसपास जाते, आणि पडदा दुणावतो.

या पडद्याहून वेगळा दुसरा विकार म्हणजे काचेचा स्वतःचा रंग. साध्या काचेतील लोहांशामुळे तिच्यात हिरवट छटा असते. काच जितकी जाड तितकी ती छटा गडद, आणि मोटारीच्या रंगीत काचेत तर ती मुद्दामच घातलेली असते. ही छटा प्रकाशातून रंग वजा करते, आणि असा वजा झालेला रंग कॅमेऱ्यातील श्वेतसंतुलनाने बहुतांशी भरून निघू शकतो. पडदा मात्र वजाबाकी नसून बेरीज आहे, म्हणून श्वेतसंतुलनाने तो हटत नाही. संगणकावर चित्राचा धूसरपणा कमी करणारी क्रिया त्याला दूर करते असे भासते खरे. परंतु किती धूसरपणा काचेचा आणि किती करडेपणा पक्ष्याचा, हे त्या क्रियेला कळण्याचा मार्ग नसल्यामुळे ती खऱ्याखुऱ्या राखी कोतवालालाही काळा करून सोडते. दोन्ही बाजूंनी चूक घडू शकते, हीच या प्रकरणातील गंभीर बाब आहे.

काचेने रंग बिघडतो, तसा पिंजऱ्याच्या जाळीने आकार बिघडतो, आणि तो अशा रीतीने की चित्रात जाळी मुळी दिसतच नाही. २०० मिलिमीटर लांबीचे आणि २.८ च्या प्रकाशछिद्राचे भिंग घेतले, तर ते छिद्र सुमारे ७० मिलिमीटर रुंद असते. २५ मिलिमीटर घरांची जाळी त्याच्या अगदी समोर आली, तर तारा इतक्या पसरतात की त्या नाहीशा झाल्याचा भास होतो. त्या नाहीशा झालेल्या नसतात. त्यांनी प्रकाशछिद्राचे लहान लहान खिडक्यांत तुकडे केलेले असतात. जे नेमके नाभीत आहे, उदाहरणार्थ बिबट्याचा डोळा, ते स्पष्टच उमटते. परंतु मागे राहिलेल्या मांडीवरचा प्रत्येक ठिपका त्या प्रत्येक खिडकीतून किंचित वेगळ्या जागी पोहोचतो, आणि एकाच्या जागी दोन-तीन फिकट ठिपके शेजारीशेजारी दिसू लागतात. बिबट्याची व्यक्ती म्हणून ओळख पटवली जाते ती त्याच्या ठिपक्यांच्या मांडणीवरून. जुन्नरजवळील माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रासारख्या ठिकाणी किंवा सापळ्याच्या पिंजऱ्यात जाळीआडून घेतलेल्या चित्राची तुलना जंगलातील चित्राशी करावयाची झाल्यास, नाभीबाहेरची कूस पुराव्यातून वगळणेच इष्ट. तारांवर ऊन असेल, तर त्यांचा उजेडही चित्रभर पसरतो, म्हणजे काचेचा पडदा येथेही परत येतो.

दुर्बिणीच्या नेत्रिकेला फोन लावून घेतलेल्या चित्रांत विकार मध्यापेक्षा कडेला अधिक असतो. अनेक दुर्बिणींत चित्राचा परीघ बाहेरच्या बाजूला ताणलेला असतो. त्यामुळे मध्यावर बसलेला कोतवाल प्रमाणबद्ध, तर तोच कडेला गेला की शेपटी वाजवीपेक्षा लांब दिसते. त्याच कडेला निरनिराळ्या रंगांचे किरण किंचित निरनिराळ्या मापाची प्रतिमा घडवतात, म्हणून उजळ आकाशापुढच्या काळ्या देहाला एका बाजूने जांभळट आणि दुसऱ्या बाजूने हिरवट-पिवळी किनार चढते, आणि डोळ्यातल्या चकाकीभोवती अशी किनार आली, तर काळसर डोळा तांबडा भासण्याचा धोका असतो. म्हणजे काचेने पिसे करडी केली आणि दुर्बिणीने डोळा रंगवला, तर राखी कोतवालाची दोन्ही लक्षणे काळ्या कोतवालात कृत्रिमरीत्या निर्माण होतात.

यातून मार्ग काढण्यास महागडी साधने लागत नाहीत, शिस्त लागते. खिडकी उघडता येत असेल, तर ती उघडावी. येत नसेल, तर भिंग काचेला भिडवून भोवती काळे कापड धरावे, म्हणजे पडदा जवळजवळ नष्ट होतो आणि उरते ती केवळ काचेची छटा. पक्षी उडून गेल्यावर त्याच जागी, त्याच उजेडात, एक पांढरा कागद आणि एक काळे कापड ठेवून पूर्वीच्याच स्थितीत, त्याच काचेतून चित्र घ्यावे. काळे कापड करडे उमटले, तर पक्ष्याचे करडेपण संशयास्पद ठरते. हे करणे शक्य नसेल, तर त्याच चौकटीत कावळा आहे का, एखादी काळी तार किंवा दाट सावली आहे का, हे पाहावे, आणि तीही धुरकट असेल तर रंगाची साक्ष बाजूला ठेवावी. मग उरतात ती अधिक टिकाऊ लक्षणे: तोंडाच्या कोपऱ्यावरचा पांढरा ठिपका, कारण पांढरे काचेपुढे फारसे बदलत नाही, बसण्याची जागा, कारण काळा कोतवाल उघड्या रानातला आणि राखी कोतवाल वृक्षराजीतला, आणि आवाज, ज्यावर काचेच्या रंगाचा अंमल चालत नाही. ठिपका दिसला तर निर्णय बळकट होतो. न दिसल्यास मात्र काही सिद्ध होत नाही, कारण तो सर्वच पक्ष्यांत असतो असे नाही, आणि दूरच्या चित्रात तो लोपूही शकतो.

म्हणून माझा आग्रह एवढाच आहे की, पक्ष्याच्या किंवा श्वापदाच्या प्रत्येक चित्राच्या नोंदीत स्थळ, काळ आणि वेळ यांच्या जोडीला माध्यमाचाही रकाना असावा: बंद खिडकी, मोटारीची काच, पिंजऱ्याची जाळी, दुर्बीण की मोकळी हवा. तो रकाना रिकामा असेल, तर अशा चित्रातील केवळ रंगावरून एखाद्या प्रदेशाच्या पक्षिसूचीत नवे नाव चढवू नये.