छेदाला विचारलंत का?

वह्या मिटा आणि फळ्याकडे बघा. मागच्या बाकावरच्यांनो, तुम्हीसुद्धा. चाचणीचे पेपर तपासून झाले आहेत आणि तिसऱ्या प्रश्नात जवळपास सगळ्या वर्गाने एकाच विहिरीत उडी घेतली आहे.

प्रश्न काय होता? f(x) = (x² − x − 6) / (x² − 9) या फंक्शनचा आलेख दोन्ही अक्षांना कुठे कापतो ते सांगा. y-अक्षाचं जमलं तुम्हाला. x च्या जागी 0 टाकला, −6 भागिले −9 केलं, 2/3 आलं, बिंदू (0, 2/3). त्यात शाबासकी मागू नका, तिथे फक्त भागाकार आहे.

घोळ x-अक्षाला घातलात. अंशाचे अवयव पाडलेत: (x − 3)(x + 2). अंश शून्य कधी? x = 3 किंवा x = −2. झालं! लगेच (3, 0) आणि (−2, 0) लिहून खाली दुहेरी रेघ मारलीत. अरे, पण छेदाला विचारलंत का? छेद आहे (x − 3)(x + 3). त्यात 3 टाकून बघायला किती वेळ लागतो? 9 वजा 9. वर शून्य, खालीही शून्य. त्या जागी फंक्शनला किंमतच नाही. किंमत नाही तर ती शून्य कुठून होईल? कळंब तालुक्यातली पोरं तुम्ही, गट नंबर अस्तित्वातच नसेल तर सातबाऱ्यावर नाव चढत नाही एवढं तुम्हाला घरी कळतं, वर्गात मात्र कळत नाही.

आणि गंमत म्हणजे तुमचं उत्तर दुहेरी चुकलं आहे. 3 च्या आसपास काय घडतं ते करून बघा. x = 2.9 घ्या, किंमत साधारण 0.831 येते. 3.1 घ्या, साधारण 0.836. (x − 3) वरखाली कटला की उरतं (x + 2)/(x + 3), आणि त्यात 3 टाकला की 5/6, म्हणजे 0.833. आलेखाला भोक आहे ते (3, 5/6) ला, अक्षापासून चांगलं वर. अक्षावर त्या ठिकाणी रेघ नाही, भोकही नाही. तुम्ही मात्र तिथे ठिपका काढून बसलात! उत्तर एकच: (−2, 0). तिथे छेद येतो 4 − 9 = −5, शून्य नाही, म्हणून ते शून्य धरायचं.

आता लातूरला क्लासला जाणाऱ्या शहाण्यांकडे वळतो. तुम्ही आधी काटाकाटी केलीत, म्हणून तिसरा प्रश्न सुटला. मग चौथ्यात का तोंडघशी पडलात? (x² − 6x + 9) / (x − 3). वर (x − 3) चा वर्ग, एक कटला, उरलं x − 3, ते शून्य होतं 3 ला, लिहिलं (3, 0). चूक! कटलेला अवयव कागदावरून जातो, पण त्याने घातलेली बंदी जात नाही. मूळ फंक्शनला 3 चालत नव्हता, तो काटाकाटीनंतरही चालणार नाही. इथे भोक नेमकं अक्षावर पडलं आहे, म्हणून फसलात. y-अक्षाला −3 वर कापतो, x-अक्षाला कुठेच कापत नाही. फोनवर आलेख काढून मला दाखवू नका. सलग रेघेतलं एका बिंदूचं भोक स्क्रीनवर डोळ्यांना दिसत नाही.

एकाने तर भास्कराचार्यांचा आधार दिला. बरं वाटलं वाचून, पण मार्क मिळणार नाहीत. ‘लीलावती’त तसं गणित आहे खरं: एका संख्येला शून्याने गुणा, आलेल्या गुणाकारात त्याचंच निम्मं मिळवा, तिप्पट करा, शून्याने भागा, उत्तर 63, तर संख्या कोणती? ते शून्याला शून्याने काटतात आणि 14 काढतात. 1150 सालच्या त्या माणसाला एवढं उमगलं होतं की असं शून्य सरसकट पुसून टाकू नये, पुढे भागाकार असेल तर लक्षात ठेवावं. आज आपण त्याच काटाकाटीला सीमा म्हणतो. सीमा 5/6 आहे म्हणजे फंक्शन तिथे 5/6 झालं असं नव्हे.

y-अक्षालाही हीच अट लागते, बरं का. (x² + 2x) / x मध्ये काटून x + 2 केलंत आणि (0, 2) लिहिलंत, तर पुन्हा शून्य मार्क. x = 0 चालतच नाही, y-अक्षाला तो आलेख शिवत नाही. x-अक्षाला −2 वर कापतो.

उद्या दोन्ही प्रश्न नव्याने सोडवून आणा. पहिल्या ओळीत छेद कुठे शून्य होतो ते लिहायचं, अवयव त्यानंतर पाडायचे. ती ओळ नसलेला पेपर मी पुढे वाचणार नाही.