मौखिकीची तहकुबी

प्रबंध सादर झालेला असतो, बहिःस्थ परीक्षकांचे अनुकूल अहवाल विद्यापीठाच्या दप्तरी दाखल झालेले असतात, मौखिकीची तारीख मुक्रर होऊन तिची जाहीर सूचनाही निघालेली असते. आणि अशा वेळी घरातील एखादे माणूस अकस्मात मृत्यूशी झुंजू लागले, तर परीक्षक मंडळाकडे तहकुबी मागण्यावाचून संशोधकाला गत्यंतर उरत नाही. ही मागणी सहसा नाकारली जात नाही, असा माझा अनुभव आहे. मात्र ती बहुधा अशा रूपात येते की, मंजूर करावयाचे तरी नेमके काय, हेच मंडळाला उमगत नाही.

माझ्या मार्गदर्शनाखालील एका विद्यार्थिनीचेच उदाहरण घेतो. तिने १० जूनला प्रबंध सादर केला होता आणि मौखिकी २० ऑक्टोबरला ठरली होती. १४ ऑक्टोबरच्या पहाटे तिच्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. दुसऱ्याच दिवशी ती दोन पानी अर्जाचा मसुदा घेऊन आली. त्यात आजाराचा साद्यंत वृत्तांत होता, तपासण्यांचे अहवाल जोडलेले होते, आणि शेवटी ‘पुढील तारीख यथावकाश कळवावी’ अशी विनंती होती. तो वृत्तांत वगळावा असे मी सुचविले, तेव्हा ती म्हणाली, ‘‘सर, बाबांची अवस्था नीट सांगितल्याशिवाय मंडळाला पटेल का?’’ तिच्या प्रश्नातील व्याकुळता मला समजत होती. परंतु मंडळाला रोगनिदान करावयाचे नव्हते, तारीख बदलावयाची होती. रुग्ण दाखल असल्याचा आणि निकटच्या नातलगाची उपस्थिती आवश्यक असल्याचा रुग्णालयाचा दाखला तेवढ्यासाठी पुरेसा होता. वडिलांच्या मेंदूची चित्रे कचेरीतील टेबलाटेबलावरून फिरावीत, याचे काहीच प्रयोजन नव्हते.

खरी उणीव त्या ‘यथावकाश’मध्ये होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांप्रमाणे प्रबंध सादर झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मौखिकीच्या निकालासह सारे मूल्यमापन विद्यापीठाने पुरे करावयाचे असते. आणि मौखिकीच्या मंडळात मार्गदर्शकाबरोबर दोन बहिःस्थ परीक्षकांपैकी किमान एक असावा लागतो, जो पुष्कळदा परगावाहून येतो. म्हणजे १० डिसेंबर ही आमची मर्यादा होती, आणि तिच्या अलीकडे त्या परीक्षकाला मोकळा असलेला दिवस शोधणे भाग होते. मुदतीवाचून मागितलेली तहकुबी मान्य करणे म्हणजे ही मर्यादा ओलांडण्यास आगाऊ संमती देणे, आणि ते कोणताही अधिकारी सहजासहजी करीत नाही. धोक्याचा काळ तीनएक आठवड्यांचा असेल, असे डॉक्टरांनी सांगितले होते; तो नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सरत होता. त्यावर थोडी सवड धरून, पुढे मर्यादेपर्यंतही काही दिवस शिल्लक ठेवून, आम्ही १७ ते २८ नोव्हेंबर हा अवधी निवडला.

मग अर्ज असा झाला: ‘वडील १४ ऑक्टोबरपासून अत्यवस्थ असून रुग्णालयात दाखल आहेत. त्यांच्या शुश्रूषेची जबाबदारी मजवर असल्याने २० ऑक्टोबरची मौखिकी तहकूब करून ती १७ ते २८ नोव्हेंबर या अवधीत मंडळाच्या सोयीने ठेवावी, ही विनंती. रुग्णालयाचा दाखला सोबत जोडला आहे.’ तो मार्गदर्शकामार्फत, माझ्या शिफारशीच्या शेऱ्यासह, परीक्षा विभागाकडे गेला. बहिःस्थ परीक्षकांशी मी स्वतः बोललो. उमेदवाराने त्यांना परस्पर दूरध्वनी करणे, हेतू कितीही निर्मळ असला तरी, औचित्याला सोडून होते. कारण ज्यांनी तिच्या कामाचा निर्णय करावयाचा, त्यांच्याशी तिचे खासगी बोलणे झाले नाही, हे दप्तरावरूनही स्पष्ट राहिले पाहिजे.

दूरदृश्य प्रणालीने मौखिकी घेण्याची मुभा आहे, तेव्हा २० तारखेलाच रुग्णालयातून ती द्यावी, अशी सूचना एका सहकाऱ्याने कळकळीने केली. मी त्या सूचनेला विरोध केला. प्रवास अशक्य असेल तेव्हा ही सोय मोलाची आहे. येथे अडचण प्रवासाची नव्हती, चित्ताची होती. मौखिकी ही खुली परीक्षा असते. विभागातील अध्यापक आणि इतर संशोधक तिला उपस्थित राहून प्रश्न विचारू शकतात, आणि अनेक वर्षांच्या श्रमांचे समर्थन त्यांच्यासमोर करावयाचे असते. शेजारच्या खोलीतून परिचारिकेची हाक येण्याची धास्ती बाळगणाऱ्या मुलीकडून ते मागणे अन्याय्य होते.

या प्रकरणात मला सर्वांत अधिक भय वाटते ते तोंडी होकाराचे. विभागातून कोणीतरी ‘काळजी करू नका, होईल’ असे सांगतो, उमेदवार निश्चिंत होतो, आणि दप्तरात मात्र जुनीच तारीख कायम राहून तिच्यापुढे ‘गैरहजर’ असा शेरा पडण्याची वेळ येते. म्हणून अर्जाची पोच त्याच दिवशी घेतली, आणि तहकुबीचा लेखी आदेश हाती येईपर्यंत २० तारीख उभीच आहे, असे मी तिला बजावले. आदेश १८ तारखेस निघाला. मौखिकी खुली असल्यामुळे दिवस, वेळ आणि स्थळ नमूद केलेली नवी सूचना पुन्हा प्रसृत करावी लागली. मौखिकीची नवी तारीख २४ नोव्हेंबर होती. वडिलांची प्रकृती दरम्यान पुन्हा बिघडली असती, तर १७ नोव्हेंबर उजाडण्यापूर्वीच दुसरा अर्ज करावयाचा, आणि त्यात सहा महिन्यांची मर्यादा ओलांडली जाईल हे स्पष्ट लिहून त्यासाठी स्वतंत्र मंजुरी मागावयाची, असे आम्ही आधीच ठरवून ठेवले होते.