संकल्प सोडायचा की घ्यायचा?

पंडरी म्हणजे रायपूरचा कापड बाजार. दिवाळीच्या अमावास्येला इथे गठ्ठे बाजूला सरकवून गादीवर चौरंग मांडला जातो, वह्या ठेवल्या जातात आणि पुरोहित यजमानाच्या उजव्या तळहातावर पळीभर पाणी देतो. समजा शेजारशेजारची तीन दुकाने आहेत: एक मराठी घराचे, एक हिंदी भाषक घराचे, एक गुजराती. तिन्हीकडे लक्ष्मी तीच, अमावास्या तीच. तरी पुरोहित जे म्हणतो ते कान देऊन ऐकले, तर महिना वेगळा लागतो आणि वर्षही वेगळे.

2025ची दिवाळी घेऊ. मराठी दुकानातला गुरुजी शालिवाहन शके 1947, विश्वावसु नाम संवत्सर, आश्विन मास, कृष्ण पक्ष असे म्हणणार. शेजारचा पंडित त्याच अमावास्येला विक्रम संवत 2082, कार्तिक मास म्हणणार. गुजराती घरात संवत 2081 आणि महिना आसो, कारण त्यांचे नवे वर्ष अजून उजाडायचे आहे. ते अमावास्या सरल्यावर, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला लागते. यात कोणाचीही चूक नाही. नर्मदेच्या दक्षिणेला आणि गुजरातेत महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडे पौर्णिमेला. म्हणून शुक्ल पक्षात दोघांचा महिना एकच असतो आणि वद्य पक्षात उत्तरेकडचे नाव एक महिना पुढे जाते. आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमी, तर उत्तरेकडे तीच भाद्रपद कृष्ण अष्टमी, हेही त्यामुळेच.

त्या वर्षी तर दिवसही फुटला. अमावास्या सोमवारी, 20 ऑक्टोबरला दुपारी पावणेचारच्या सुमारास लागली आणि मंगळवारी संध्याकाळी सहाच्या थोडी आधी संपली. उत्तरेकडच्या बहुतेक पंचांगांनी लक्ष्मीपूजन सोमवारी दिले, महाराष्ट्रातल्या प्रमुख पंचांगांनी मंगळवारी. म्हणजे संकल्पातला वारही बदलला: एकाचा सोमवासर, दुसऱ्याचा भौमवासर.

इतक्या बारकाव्याने काळ सांगायचा तरी कशासाठी? देवाला तारीख ठाऊक नसते असे तर कोणी मानत नाही. या प्रश्नाचे उत्तर संकल्प या शब्दाच्या प्रवासात आहे, आणि तो प्रवास तारखेपासून फार लांब सुरू होतो.

मुळात संकल्प ही मनातली गोष्ट. ‘सम्’ आणि ‘क्लृप्’ यांपासून हा शब्द बनतो. क्लृप् म्हणजे जुळणे, योग्य तऱ्हेने आकाराला येणे. ‘कल्पना’ हा शब्दही त्याच धातूचा. यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेच्या चौतिसाव्या अध्यायात शिवसंकल्प नावाचे सहा मंत्र आहेत. त्यांत पाणी नाही, तिथी नाही, गोत्र नाही. जागेपणी दूर जाणारे आणि झोपेतही भटकणारे हे मन चांगल्या संकल्पाचे असो, एवढीच मागणी आहे. छांदोग्य उपनिषदात सनत्कुमार नारदाला एकेक पायरी चढवत नेतात, तिथे संकल्प मनाच्या वर ठेवला आहे आणि चित्ताच्या खाली. आधी संकल्प होतो, मग मन हलते, मग वाणी बोलते, असा तो क्रम. पुढे मनुस्मृती सांगते की इच्छेचे मूळ संकल्पात आहे आणि यज्ञ व व्रते संकल्पातूनच जन्मतात.

गीतेत मात्र हाच शब्द अडचणीचा ठरतो. सहाव्या अध्यायात योगी कोण, तर ज्याने सगळे संकल्प टाकले तो. हा विरोध पुसून टाकण्याची घाई करू नये. ज्या परंपरेने प्रत्येक कर्माच्या दारात संकल्प उभा केला, तिनेच तो टाकायलाही सांगितले, आणि मराठी भाषेने हे दोन्ही कसे सांभाळले ते पुढे दिसेल.

मनातली गोष्ट तिथी-गोत्रासह उच्चारून सांगण्याची कशी झाली, याचा धागा दानाच्या व्यवहारात दिसतो. दान देताना घेणाऱ्याच्या हातावर पाणी सोडायचे, ही जुनी रीत. जमीन दिली, तर ते ताम्रपटावर कोरायचे. अशा ताम्रपटांसाठी रायपूरच्या माणसाला लांब जावे लागत नाही. शरभपुरीय राजा महासुदेवराज याचा ताम्रपट रायपूरच्याच नावाने ओळखला जातो, तर जयराजाचा पट जवळच्या आरंगचा. त्यांत काळ सांगितला आहे तो राजाच्या राज्यवर्षाने. कोणताही संवत नाही. पुढे रतनपूरच्या कलचुरींच्या काळी चित्र बदलते. पहिल्या पृथ्वीदेवाचा अमोदा ताम्रपट कलचुरी संवत 831चा, म्हणजे 1079 सालचा. राजा गेला तरी मोजता येईल असा काळ आता दानाला जोडला गेला. आणि रायपूरचा राजा ब्रह्मदेव याच्या विक्रम संवत 1458च्या शिलालेखात तर विक्रम संवत आणि शक दोन्ही शेजारी कोरले आहेत. पंडरीतल्या दोन दुकानांतला फरक त्या कोरक्याच्या छिन्नीखाली सहाशे वर्षांपूर्वीच येऊन गेला होता!

दस्तऐवजात कोण, कोणाचा, कुठे, केव्हा, कशासाठी आणि काय देतो हे लागते. संकल्पाचा सांगाडा नेमका हाच आहे. सृष्टिकर्त्या ब्रह्मदेवाच्या आयुष्याचे दुसरे परार्ध, श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, कलियुग, असे करत काळ लहान लहान होत आजच्या वारापाशी येतो. जंबुद्वीप, भरतखंड, मग प्रदेश, मग नदीचा तीर, अशी जागाही आखडत यजमानाच्या पाटापर्यंत येते. त्यानंतर गोत्र, नाव, हेतू. शेवटी एकच क्रियापद: करिष्ये.

या क्रियापदावर थांबायला हवे. संस्कृतात ‘करीन’ याची दोन रूपे आहेत, करिष्यामि आणि करिष्ये. पाणिनीचा नियम असा की कृ आणि यज् यांसारख्या धातूंत क्रियेचे फळ करणाऱ्यालाच मिळणार असेल, तर दुसरे रूप, म्हणजे आत्मनेपद वापरावे. यज्ञ करणारा यजमान ‘यजते’, आणि त्याच्यासाठी राबणारे ऋत्विज ‘यजन्ति’, हे व्याकरणातले ठरलेले उदाहरण. ऋत्विजांना दक्षिणा मिळते, पण यज्ञाचे फळ त्यांचे नसते. म्हणून यजमान स्वतः म्हणतो तेव्हा ‘करिष्ये’, आणि पुरोहित दुसऱ्याच्या वतीने म्हणतो तेव्हा ‘करिष्यामि’. पूजा कोणाची, याचा निकाल त्या एका प्रत्ययात लागतो. बाकीचा लांबलचक भाग गुरुजींनी म्हटला तरी ‘करिष्ये’ यजमानाच्या तोंडून वदवून घेण्याचा आग्रह असतो, तो याचसाठी.

छापील पोथीवरून घरच्या घरी पूजा करताना नेमकी इथेच गफलत होते. पोथीत नावाच्या आणि गोत्राच्या जागी ‘अमुक’ छापलेले असते आणि वाचणारा तोच शब्द भक्तिभावाने वाचून पुढे जातो. तिथी, वार, नक्षत्र यांच्या जागांचेही तेच होते. उच्चार शुद्ध असतात, पण दस्तात नावच भरलेले नसते. शेजारी बसणाऱ्याला हे ओळखणे सोपे आहे: संकल्पात आजचा वार ऐकू आला का, एवढे पाहावे.

रायपूरच्या मराठी यजमानाची अडचण वाराची नसून जागेची असते. महाराष्ट्रातल्या पोथ्यांत ‘दंडकारण्ये देशे’ आणि गोदावरीचा दक्षिण किंवा उत्तर तीर असे येते. 1741 नंतर नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगढवर बसत गेला, 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपुरात राहिले, आणि मराठी घरे या मुलखात रुजली. पोथ्या सोबत आल्या, गोदावरी मात्र जागीच राहिली. रायपूर खारून नदीकाठी आहे; खारून शिवनाथला मिळते आणि शिवनाथ महानदीला. दंडकारण्य म्हटले की इथल्या माणसाच्या डोळ्यांपुढे बस्तर येते. 1958 साली पूर्व बंगालच्या निर्वासितांसाठी आखलेल्या सरकारी प्रकल्पालाही हेच नाव दिले गेले. रायपूरच्या भूमीचे जुने नाव दक्षिण कोसल. गोदावरीचा उत्तर तीर म्हणणे नकाशावर खोटे ठरत नाही, कारण रायपूर गोदावरीच्या उत्तरेलाच आहे. पण तीनशेहून अधिक किलोमीटर दूरच्या नदीचा तीर सांगणे म्हणजे पत्त्यात भलत्याच गावाचे नाव लिहिण्यासारखे आहे. देशकालाचा उच्चार हा आपण बसलो आहोत त्या जागेचा उच्चार असेल, तर मराठी घरानेही महानदीचे खोरे आणि दक्षिण कोसल म्हणावे, हे अधिक प्रामाणिक वाटते. अमेरिकेतल्या देवळांतून जंबुद्वीपाऐवजी क्रौंचद्वीप म्हटले जाते. तिथल्या पुरोहितांनी एवढे धाडस केले, तर खारूनकाठी करायला हरकत नसावी.

या दस्ताला परिणामही असतात. कमलाकरभट्टांचा निर्णयसिंधु 1612चा आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधु 1790चा. घरोघरीच्या शंका आजही यांच्या आधारे सुटतात. सुतकाचा प्रश्न घ्या. सुरू झालेल्या कर्माला सुतक अडवत नाही, सुरू न झालेल्याला अडवते. पण सुरू झाले कधी म्हणायचे? शास्त्रकार कर्मागणिक वेगळी खूण सांगतात: यज्ञात ऋत्विजांची निवड, विवाहात नांदीश्राद्ध, श्राद्धात स्वयंपाकाची सुरुवात आणि व्रतात संकल्प. सामानाची यादी, आमंत्रणे, सजवलेला चौरंग यांपैकी काहीच आरंभ नव्हे. व्रतात तळहातावरचे पाणी ताम्हनात पडले की आरंभ. त्याच्या पाच मिनिटे आधी दूरच्या भाऊबंदाकडून मृत्यूची बातमी आली, तर व्रत थांबते. पाच मिनिटांनी आली, तर ते पुरे करता येते.

त्या पाण्याबद्दल रायपुरात दोन क्रियापदे ऐकू येतात. हिंदीत संकल्प ‘लेते’ हैं. मराठीत संकल्प ‘सोडतात’. घेणाऱ्याच्या मनात निश्चय असतो: मी हे हाती घेतले. सोडणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ताम्हनात ओघळणारे पाणी असते. आणि मराठीत एखाद्या गोष्टीवर ‘पाणी सोडणे’ म्हणजे तिच्यावरचा हक्क कायमचा टाकणे. दानातले उदक या वाक्प्रचारात अजून जिवंत आहे. ‘मी करीन’ म्हणतानाच हातातले काहीतरी खाली जाते, आणि गीतेने ज्याचा त्याग सांगितला तो शब्द मराठीत त्यागाच्याच क्रियापदाला जोडून राहिला. नववर्षाच्या संकल्पांना मात्र हे क्रियापद आता क्वचितच लागते. ते ‘केले’ जातात, आणि त्यांत पाणी नसते, साक्षीला कोणी नसते, कधीपासून आणि कुठे हेही बहुधा नसते.

जुन्या अर्थाचा मोठा तुकडा मराठीने सरकारी भाषेत जपला आहे. हिंदीत ज्याला सर्रास ‘बजट’ म्हणतात, त्याला मराठीत अर्थसंकल्प म्हणतात: कोणत्या वर्षी, कोणत्या कामासाठी, किती, हे खर्च होण्याआधी सभागृहात उच्चारून सांगायचे. पंडरीतल्या मराठी दुकानदाराच्या टेबलावर रायपूरचे हिंदी वर्तमानपत्र असते आणि त्यात दर वर्षी ‘बजट’ छापून येते. घरी नागपूरहून आलेल्या मराठी अंकात त्याच बातमीवर अर्थसंकल्प असा मथळा असतो. दिवाळीच्या संध्याकाळी तो नवी वही उघडतो, पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहितो, आणि गुरुजी विचारतात, “गोत्र?”